चेहरा इकडे, अंग तिकडे: वॉलेनबर्ग लिहिण्याआधी

«न्यूरोच्या केसमध्ये लोकलायझेशन करत बसू नका, वेळ जातो. सिंड्रोमची यादी पाठ करा, कीवर्ड पकडा, नाव लिहा. चेहरा एका बाजूला आणि अंग दुसऱ्या बाजूला बधिर म्हणजे वॉलेनबर्ग. तसंही खरी जागा एमआरआयच सांगतो.»

परीक्षेच्या तयारीतला हा सल्ला तपासून बघू. आधी कीवर्डचं. ५८ वर्षांचा, बीपीचा पेशंट. सकाळी उठताच गरगरलं, उलट्या झाल्या. उजव्या गालावर टाचणी टोचलेली कळत नाही, डाव्या हातापायाला गार-गरम कळत नाही. उजवी पापणी किंचित खाली, उजवी बाहुली बारीक. उजवं बोट नाकाला लावताना चुकतं. चारही हातपायांची ताकद नॉर्मल, व्हायब्रेशन नॉर्मल.

यादीवाला इथे पेन खाली ठेवतो. पण केस अजून संपलेली नाही. तोंड डावीकडे ओढलंय, उजवा डोळा मिटत नाही, उजव्या कपाळावर आठ्या पडत नाहीत, उजव्या कानाला अचानक ऐकू येईनासं झालंय. आवाज स्वच्छ आहे, पाणी ठसका न लागता जातं.

आता वॉलेनबर्ग लिहिलंत तर चुकलात.

अंगाच्या वेदनेचे आणि तापमानाचे तंतू मज्जारज्जूतच पलीकडे जातात. म्हणून मेंदूच्या देठात, म्हणजे ब्रेनस्टेममध्ये, डाव्या अंगाचा मार्ग उजवीकडून वर चाललेला असतो. चेहऱ्याचे तंतू पॉन्समध्ये शिरतात, त्याच बाजूने खाली मेड्युलाकडे उतरतात आणि तिथल्या केंद्रकातून निघालेले पुढचे तंतू बाजू बदलतात. उजवा चेहरा आणि डावं अंग दोन्ही एकाच घावात सापडायचे तर तो घाव उजवीकडेच हवा, आणि पॉन्सपासून मेड्युलापर्यंतच्या पट्ट्यातच हवा. कीवर्ड एवढंच सांगतो, त्याहून जास्त काही नाही.

पुढची गंमत «नॉर्मल» शब्दात आहे. मुलं ही ओळ भरतीची समजून गाळतात. ताकदीचा मार्ग आणि व्हायब्रेशनचा मार्ग दोन्ही इथे मधल्या रेषेजवळून जातात. ते शाबूत आहेत, म्हणजे घाव कडेला आहे. खाली उतरणारे सिम्पथेटिक तंतू कडेलाच असतात, म्हणून पापणी आणि बाहुलीची हॉर्नर जोडी याच्याशी जुळते. ती पापणी सातव्या नर्व्हच्या खात्यावर टाकू नका: सातवी गेली तर डोळा मिटत नाही, पापणी पडत नाही. या पेशंटच्या एकाच डोळ्यात दोन्ही आहेत, आणि दोघांची कारणं वेगळी.

राहिली उंची. ती क्रेनियल नर्व्हच सांगते. घोगरा आवाज आणि गिळताना ठसका असता तर नववी-दहावी, म्हणजे मेड्युला. तेव्हा वॉलेनबर्ग बरोबर होतं. इथे कपाळासकट गेलेली सातवी आणि कानाची आठवी आहे, म्हणजे पॉन्सचा खालचा भाग. तिथे कडेला रक्त पुरवते एआयसीए. आतल्या कानाची धमनीही बहुतेकदा तिचीच शाखा असते, म्हणून कान गेला. उत्तर: उजव्या खालच्या पॉन्सच्या कडेचा इन्फार्क्ट. अचानक सुरुवात आणि बीपी, म्हणून कारण रक्तवाहिनीचं.

वेळेचं म्हणाल तर पेपरात हे पाच छोट्या ओळींत बसतं: बाजू, मधे की कडेला, उंची, धमनी, कारण. शेवटची ओळ चुकली तरी आधीच्या चारांना गुण देता येतात. नुसतं नाव चुकलं तर परीक्षकाने गुण द्यायचे कशाला? शिवाय वॉलेनबर्गमागे «पीआयसीए» आपोआप लिहिण्याची सवय आहे, तीही यादीचीच देणगी. कितीदा तरी बंद झालेली असते ती मूळची व्हर्टिब्रल धमनी.

आणि एमआरआय. ज्याचं नाव यादीत पाठ करता, त्या आडोल्फ वॉलेनबर्गने १८९५ मध्ये निव्वळ तपासणीवरून जागा सांगितली होती आणि १९०१ मध्ये शवविच्छेदनात ती बरोबर निघाली. आजही ब्रेनस्टेमच्या स्ट्रोकमध्ये पहिल्या काही तासांचा डिफ्यूजन एमआरआय नॉर्मल येऊ शकतो. दुसरं म्हणजे मशीनला कुठला भाग बघायचा हे आपणच सांगतो. दोन्ही पाय गेलेत, बेंबीच्या खाली संवेदना नाही, आणि कोणीतरी कमरेचा एमआरआय लिहितं. बेंबी म्हणजे टी१०, मज्जारज्जू मोठ्या माणसात एल१च्या आसपास संपतो. घाव छातीत, फोटो कमरेचा, रिपोर्ट नॉर्मल.

यादीच्या बाजूने एक मात्र मान्य: ही रीत एकच घाव आहे असं धरून चालते. मल्टिपल स्क्लेरोसिसमध्ये किंवा अनेक मेटास्टॅसिस असताना सगळी लक्षणं एका जागी बसत नाहीत, आणि ओढूनताणून बसवूही नयेत. कवटीतला दाब वाढला की सहावी नर्व्ह लांबूनही दबते; तेव्हा सोबत डोकेदुखी आणि पॅपिलिडीमा असेल तर सहावीवरून पॉन्स लिहू नका.