स्टेटमेंट देता की कोडं घालता?

अनिवासी भारतीयाची इथली कमाई जिथे जमा होते त्या एनआरओ खात्याचं वर्षभराचं स्टेटमेंट उघडा. तारीख आहे, नावे-जमा आहे, शिल्लक आहे. ज्यासाठी ते उघडलं, तेवढंच नाही: यातला कुठला रुपया कुठल्या वाटेने परदेशी पाठवता येतो. वर "नॉन-रिपॅट्रिएबल", म्हणजे परदेशी नेता न येणारं, असा शिक्का मारला की बँकेचं कर्तव्य संपलं! आणि तो शिक्काही अर्धवटच खरा. एनआरओमधलं चालू उत्पन्न, म्हणजे भाडं, लाभांश, पेन्शन, व्याज, कर चुकता करून मर्यादेशिवाय बाहेर नेता येतं. फ्लॅट विकल्याचे पैसे, वारसा, जुनी शिल्लक ही भांडवली रक्कम. तिला एका आर्थिक वर्षात 10 लाख डॉलरची मर्यादा. म्हणजे खरा प्रश्न "जातं की नाही" हा नाहीच, "कुठल्या खणातलं" हा आहे. त्यासाठीचा रकाना छापायला यांच्याकडे शाई नाही.

मग काय, एक्सेलमध्ये स्वतःच रकाना जोडा आणि प्रत्येक जमेपुढे लिहा: चालू, भांडवली की आपलंच इकडून तिकडे. आता पुण्यातल्या एका फ्लॅटचं बघा. भाडं 25,000. मालक अनिवासी, म्हणून भाडेकरूने 30 टक्के आणि त्यावर 4 टक्के उपकर, म्हणजे 31.2 टक्के कापायचे. 7,800 कापून खात्यात आले 17,200. तपशिलात फक्त NEFT आणि भाडेकरूचं नाव. "भाडं" हा शब्द औषधालाही नाही. बारा महिने 17,200 दिसले तर निदान ओळख पटते. पूर्ण 25,000 दिसले तर समजा, भाडेकरूने टीडीएस कापलेलाच नाही आणि पैसे पाठवताना "कर भरल्याचा पुरावा" मागितला जाणार. त्यात त्याच नावाने, तसेच NEFT ने एक लाख आलेले असतात. ते डिपॉझिट! परत द्यायचे पैसे. घाईत भाड्यात मिळवले की उत्पन्नच फुगलं.

पण खरा संताप एफडीवर. समजा 1 ऑक्टोबर 2023 ला 5,00,000 ठेवले, एक वर्ष, 7 टक्के, तिमाही चक्रवाढ, टीडीएस बचत खात्यातून वळता. 1 ऑक्टोबर 2024 ला स्टेटमेंटमध्ये एकच ओळ: 5,35,930 जमा. मुद्दल वेगळं नाही, व्याज वेगळं नाही. अहो, 5,00,000 भांडवली खणात आणि 35,930 चालू खणात जायला हवेत, हे एका ओळीतून कोणी ओळखायचं? ठेवीची पावती शोधा, मुद्दल वजा करा, तेव्हा कुठे आकडा सुटतो.

आता व्याज प्रमाणपत्र काढा. 2024-25 चं प्रमाणपत्र म्हणतं व्याज 18,277. स्टेटमेंट म्हणतं 35,930. इथे निम्मे लोक बँकेशी भांडायला जातात, आणि काउंटरवरचा माणूस "सिस्टिम जनरेटेड आहे" म्हणून हात वर करतो. चूक कोणाचीच नाही! व्याज तिमाहीला साचतं, टीडीएसही तेव्हाच कापला जातो. 31 मार्च 2024 पर्यंतचे 17,653 आधीच्या वर्षाच्या प्रमाणपत्रात गेले, त्यावरचे 5,508 टीडीएसही त्याच वर्षाच्या 26AS मध्ये, म्हणजे आयकर खात्याच्या कापलेल्या कराच्या उताऱ्यात. उरलेले 18,277 आणि त्यावरचे 5,702 या वर्षात. दोन्ही मिळून 35,930. हे एका ओळीत खाली छापलं असतं तर कोणाचं काय बिघडलं असतं? रिटर्नमध्ये प्रमाणपत्राचा आकडा, पैसे पाठवताना स्टेटमेंटचा आकडा, आणि दोन्ही का जुळत नाहीत ते सीएला तुम्ही समजवायचं.

वर कहर म्हणजे काही प्रमाणपत्रं कस्टमर आयडीवर निघतात. परदेशातून आणलेले पैसे ठेवायचं, मोकळेपणाने परत नेता येणारं खातं ते एनआरई; त्याचं आणि एनआरओचं व्याज एकाच पानावर, खाली एकच ठळक बेरीज. परकीय चलन कायद्याने तुम्ही अनिवासी असाल तर एनआरईचं व्याज करमुक्त. ती बेरीज जशीच्या तशी उतरवली की करमुक्त व्याजावर फुकटचा कर. खाते क्रमांकासमोरचे आकडे घ्या, बेरजेकडे बघूही नका. पडताळा सोपा आहे: एनआरओच्या व्याजाचे 31.2 टक्के काढा, अधिभार किंवा करार-सवलत नसेल तर 26AS शी जवळपास जुळले पाहिजेत. टीडीएस खूपच कमी दिसला तर बेरजेत एनआरई घुसलंय.

आणि भाड्याच्या फ्लॅटच्या दुरुस्तीसाठी एनआरईतून एनआरओत दोन लाख टाकलेत ना? तिथे तपशील "SELF". पैसे मूळचे परदेशातले, पण उंबरा ओलांडला की त्यांचा मोकळेपणा गेला. परत न्यायचे तर 10 लाख डॉलरच्या मर्यादेतून, आयकर खात्याचा पैसे पाठवण्याचा फॉर्म आणि जिथे लागेल तिथे सीएचं प्रमाणपत्र भरून. हे सांगणारी एक सूचना बटण दाबताना स्क्रीनवर येत नाही. कर्जाची जाहिरात मात्र न चुकता येते.