दहा लिटर उरलेलं दूध: तूप, पनीर की दही?

सत्तरी-डिचोलीकडे दोन-तीन गायी असलेल्या घरांत आजकाल एक सल्ला सर्रास दिला जातो: "सोसायटीत कशाला घालता? तूप करून विका." हा सल्ला अर्धवट आहे, आणि त्यात लोकांचे पैसे जातात. म्हणून हिशोब मांडतो. भाव उदाहरणादाखल धरलेत, तुम्ही आपापल्या गावचे घाला.

समजा, गायीचं दहा लिटर दूध आहे आणि फॅट 4. कच्चं विकलं तर 40 रुपयांनी 400 रुपये. या दुधात एकूण फॅट साधारण 410 ग्रॅम. यंत्र नसेल, तापवून-गार करून हाताने साय काढली, तर त्यातली पाव फॅट दुधातच राहते, थोडी ताकात जाते. हाती येतं 300 ग्रॅमच्या आसपास तूप. किलोला 900 धरले तरी 270 रुपये. म्हणजे नुसत्या तुपाकडे बघितलं तर 130 रुपये तिथेच गेले, लोणी घुसळण्याची आणि कढवण्याची मेहनत वेगळी. तुपाचा फायदा खरं तर खाली उरलेल्या नऊ लिटर दुधात असतो. ते सोसायटीत चालत नाही, फॅट लागत नाही. त्याचं दही लावून, साय काढलेल्या दुधाचं आहे हे सांगून, 40 ने विकलं तरच गणित वर येतं.

पनीरचं तर अजून नाजूक. गायीच्या दहा लिटरांतून दीड किलोच्या आसपास पनीर निघतं, म्हशीच्या दुधातून दोन किलोपर्यंत. घरगुती गिऱ्हाइकाला 360 ने दिलं तर 540 रुपये, पण हॉटेलवाल्याने 280 ला मागितलं की 420. त्यातून गॅस आणि दोन तासांची मेहनत वजा केली की काही उरत नाही. करायचंच असेल तर दूध 90 अंशांवर न्यायचं, थोडं निवू द्यायचं, आणि 20 ग्रॅम सायट्रिक ॲसिड लिटरभर गरम पाण्यात विरघळवून हळूहळू ओतायचं. पाणी हिरवट-पिवळं, नितळ दिसलं की तिथेच थांबायचं. पाणी दुधाळ राहिलं तर ॲसिड कमी पडलं किंवा दूध फार निवलं, तुमचं पनीर त्या पाण्यातून वाहून जातंय. घाईने जास्त ओतलं तर पनीर आंबट आणि रबरासारखं होतं.

माझं स्पष्ट मत दह्याच्या बाजूने आहे. कारण साधं: पनीर करताना दुधातलं बहुतेक पाणी तुम्ही ओतून देता, दह्यात ते वजनात राहतं. दहा लिटरांचं साडेनऊ किलो दही, 65 ने 617 रुपये. गॅस आणि अर्ध्या किलोचे डबे मिळून 60 गेले तरी कच्च्या दुधापेक्षा दीडशे रुपये जास्त. पण त्यातलं सात किलो खपलंच पाहिजे. त्याखाली आलात की सोसायटी परवडली.

दही विकायला घट्ट हवं. त्यासाठी दुधाला एक उकळी पुरत नाही, मंद आचेवर दहा मिनिटं ढवळत ठेवावं लागतं. नाहीतर डबा उघडताच वर पाणी सुटलेलं दिसतं. करंगळी बुडवून सहन होईल इतकं, म्हणजे 42-43 अंशांवर, दूध आलं की विरजण घालायचं. आपल्याकडच्या उकाड्यात दहा लिटरांना 100 ग्रॅम पुरे, पावसाळ्यात 200. विरजण आधी थोड्या दुधात मोडून घ्यायचं, मग डब्यांत ओतायचं, आणि पुढे डबा हलवायचा नाही. खरी चूक इथे होते: रात्री लावून सकाळी बघतात. उन्हाळ्यात पाच-सहा तासांत दही लागलेलं असतं, पुढचे तास ते फक्त आंबट होतं. डबा तिरका केल्यावर कडा सुटली की लगेच फ्रिजमध्ये.

एखाद्या दिवशी दही लागतच नाही, दूध तसंच पातळ राहतं. अशा वेळी विरजणाला दोष देण्याआधी गायीला कासेच्या दुखण्यासाठी इंजेक्शन किंवा कासेत ट्यूब दिली होती का ते बघा. अँटिबायोटिक दुधात उतरतं आणि विरजणातले जिवाणू मरतात. डॉक्टरांनी सांगितलेले दिवस पूर्ण होईपर्यंत ते दूध ना दह्याला, ना सोसायटीला.

आणखी एक वजाबाकी लोक विसरतात. सोसायटीत घातलेल्या दुधावर सरकारी प्रोत्साहन मिळतं, घरी ठेवलेल्यावर नाही. ती रक्कम 40 मध्ये मिळवूनच तुलना करा, मग दह्याचे दीडशे बरेच आकसतात. म्हणून मी सगळं दूध घरी वळवा असं म्हणणार नाही. ठरलेली गिऱ्हाइकं जितकी, तितकंच दही. गिऱ्हाईक गावाला गेलं, डबे उरणार असं दिसलं, तर त्या दिवशी साय काढा आणि फ्रिजमध्ये साठवा, आठवड्याच्या आत लोणी करा, त्यापुढे सायीला कडवट वास येतो आणि तो तुपातही उतरतो. असं साठवलेलं तूप चतुर्थीच्या आधी काढा. नेवऱ्या-मोदकांच्या दिवसांत घरच्या तुपाला भाव विचारायला लोक स्वतः दारात येतात.