“वरून फक्त थोड्या सुरकुत्या टाका!”

काल संध्याकाळी फोटोचं दुकान बंद करायच्या बेतात होतो. गिऱ्हाईक आलं आणि मोबाइल माझ्या नाकासमोर धरला. “दादा, हे बघा. भाच्यानं दोन मिनिटांत केलं, फुकटात. चेहरा थोडा तरुण वाटतोय, तर तुम्ही वरून फक्त थोड्या सुरकुत्या टाका, म्हणजे झालं.”

वरून. फक्त. थोड्या. ही तीन शब्दांची माळ रात्रभर डोक्यात फिरत होती. सुरकुत्या म्हणजे काय उपम्यावरची कोथिंबीर आहे का?

काम काय आहे ते ऐका. यांच्या आजीची पंचाहत्तरी झाली. घरातल्यांच्या मनात आलं की आजीशेजारी आजोबाही बसलेले दिसावेत. आजोबा 1986 मध्ये गेले, वय 41. त्यांचा धड म्हणावा असा एकच फोटो, तोही पासपोर्ट आकाराचा, काळा-पांढरा. मग आजोबांच्या धाकट्या भावाला, आज वय 76, आजीशेजारच्या खुर्चीत बसवून फोटो काढला आणि माझ्याकडे दिला. भावाच्या जागी आजोबा आणायचे, पण आज असते तर ऐंशीच्या घरात कसे दिसले असते तसे. 41 चा चेहरा, 76 चं डोकं. मी हे काम भावनेपोटी घेतलं, कारण आजी स्वतः दुकानात आल्या होत्या आणि तो पासपोर्ट फोटो रुमालातून काढून माझ्या हातावर ठेवला होता.

सात रात्री बसलोय मी त्यावर. आणि आता म्हणे दोन मिनिटांत!

भाच्याचा फोटो मी मोठा करून बघितला. गाल उकडलेल्या अंड्यासारखे गुळगुळीत. कपाळावर मात्र भावाच्या चार आडव्या आठ्या तशाच, आणि त्या भुवयांच्या वर बोटभर अंतरावर एकदम संपतात, जणू कुणी रबरानं पुसल्या. हनुवटी चाळिशीची. तिच्याखाली गळ्याच्या दोन ताणलेल्या दोऱ्या शहात्तरीच्या. कानाची पाळी लोंबलेली आणि तिला चिकटून कॉलेजातल्या पोराचा गाल. हा माणूस कुठल्याच वयाचा नाही.

असं का होतं हे त्या भाच्याला माहीत नाही, पण मला माहीत आहे, कारण मीही ती चेहरा बदलणारी एआय साधनं वापरून पाहिली आहेत. अशा मोफत साधनांमध्ये सर्रास वापरलं जाणारं मॉडेल म्हणजे inswapper_128. नावातच लिहिलंय, ते चेहरा 128 बाय 128 पिक्सेलचा बनवतं. आमच्या फोटोत भावाचा चेहरा साधारण 900 पिक्सेल उंच आहे. म्हणजे सात पिक्सेलचा एक झाला. डोळ्याच्या कोपऱ्यातली बारीक सुरकुती माझ्या फाइलमध्ये तीन-चार पिक्सेल रुंद असते, ती तिथे अर्ध्या पिक्सेलवर येते, म्हणजे उरतच नाही. मग तो धुरकट चेहरा धारदार करायला दुसरं मॉडेल लावतात. ते हरवलेली कातडी स्वतःच्या मनानं भरतं, आणि भरतं ती बहुतेक वेळा गुळगुळीत. वर हा नवा चेहरा भुवयांपासून हनुवटीपर्यंतच्या तुकड्यात बसतो. कपाळाचा वरचा भाग, कान, मान, केस सगळं मूळ माणसाचं राहतं. जोड नेमका वयाच्या सीमेवर येतो.

आणि यावर मी “वरून सुरकुत्या” टाकायच्या!

अहो, वय सुरकुत्यांमध्ये नसतंच मुळी. सुरकुत्या सगळ्यात शेवटी. आधी आकार बदलतो. डोळ्यांच्या खोबणीचं हाड झिजून खोबण मोठी होते, म्हणून डोळे आत गेलेले दिसतात. वरच्या जबड्याचं हाड मागे सरकतं, दात गेले की आणखी. नाकाचं टोक खाली येतं. गालावरची चरबी ओसरते, उरलेली खाली उतरते आणि जबड्याची सरळ रेघ हनुवटीच्या दोन्ही बाजूंना मोडते. वरचा ओठ लांब आणि पातळ होतो. पापणी डोळ्यावर उतरते. कानसुद्धा वाढतात. ब्रिटनमधल्या डॉक्टरांनी मोजून 1995 मध्ये छापलंय, वर्षाला सरासरी 0.22 मिलिमीटर. चाळीस वर्षांत जवळजवळ नऊ मिलिमीटर झाले की! 41 च्या माणसाचे कान ऐंशीच्या चेहऱ्याला लावलेत तर बघणाऱ्याला नेमकं काय चुकलंय ते सांगता येणार नाही, पण खटकणार नक्की.

म्हणून माझी पहिली परीक्षा साधी असते. फोटो बारीक करायचा, नखाएवढा. तिथे एकही सुरकुती दिसत नाही. तरीही माणूस म्हातारा दिसला पाहिजे. नखाएवढ्या फोटोत तो तरुण दिसत असेल, तर हजार रेघा ओढल्या तरी तो नाटकात म्हाताऱ्याचं काम करणारा पोरगाच दिसणार. भाच्याचा फोटो मी काल त्यांच्यासमोर असा बारीक करून दाखवला. “हो, पण लांबून कोण बघतंय?” म्हणाले. वीस बाय तीस इंचाची फ्रेम भिंतीवर लावणार, आणि लांबून कोण बघतंय!

सुरकुत्यांचं म्हणाल तर त्यातही दोन जाती आहेत. डोळ्याभोवतीच्या, ओठावरच्या बारीक रेघा वेगळ्या. नाकापासून तोंडाच्या कोपऱ्याकडे येणारी घळ वेगळी, तिच्या एका बाजूला गालाचा अख्खा उतार असतो. आमच्या धंद्यात फ्रिक्वेन्सी सेपरेशन करतात, म्हणजे बारीक पोत एका लेयरवर आणि सावल्यांचे मोठे उतार दुसऱ्यावर. शिकाऊ पोरं काय करतात, म्हाताऱ्याचा नुसता पोताचा लेयर उचलतात आणि तरुण गालावर ठेवतात. सावली खालच्या लेयरवरच राहते. मग गाल भरलेला आणि त्यावर पेन्सिलीच्या रेघा, असं ध्यान तयार होतं. तो उतार करड्या रंगाच्या लेयरवर, सॉफ्ट लाइट मोडमध्ये, हलक्या ब्रशनं हातानंच उजळावा आणि गडद करावा लागतो.

तेही प्रकाश बघून. सुरकुती ही खाच आहे, रेघ नव्हे. आमच्या फोटोत खिडकी डावीकडे आहे. म्हणजे खाचेची डावीकडची भिंत सावलीत जाते आणि उजवीकडच्या कडेवर उजेड पडतो. नेटवरून उचललेल्या तयार सुरकुत्यांवर प्रकाश उजवीकडून असेल तर सगळं उलटं होतं, खाचा उठून येतात आणि चेहऱ्यावर गांडुळं चिकटल्यासारखी दिसतात. असे फोटो फ्रेम करून घराघरांत लागलेत. मी ओळखीच्यांकडे गेलो की भिंतीकडे बघत नाही.

मुळात आजोबांचा तो पासपोर्ट फोटोच कोरा आहे. जुन्या स्टुडिओत निगेटिव्हवर टोकदार पेन्सिल फिरवून रेघा भरून काढायचे, तसं या फोटोत केलेलं दिसतं. 1200 डीपीआयनं स्कॅन केल्यावर डोळ्यांखाली पेन्सिलीचे बारीक स्वल्पविराम दिसले. म्हणजे 41 व्या वर्षी त्या माणसाला ज्या रेघा होत्या त्याही पुसलेल्या. मी आणू कुठून?

भावाच्या घेतल्या. पहिल्या चार रात्री मी तेच केलं. भावाची घळ, भावाचे डोळ्यांचे कोपरे, भावाच्या आठ्या, सगळं जसंच्या तसं आजोबांच्या नाकाडोळ्यांभोवती बसवलं. वय बरोबर जुळलं, जोड कुठे दिसेना. मी खुश होतो. आजींना दाखवलं. त्यांनी चष्मा लावला, बराच वेळ बघितलं आणि हळूच म्हणाल्या, “हे भाऊजी आहेत.”

मला जे कळायला हवं होतं ते त्या एका वाक्यात होतं. सुरकुती ज्याची त्याची असते. स्नायू जिकडे खेचतो त्याच्या आडवी ती पडते. कपाळाचा स्नायू उभा खेचतो म्हणून आठ्या आडव्या. डोळ्याभोवतीचा स्नायू गोल म्हणून तिथल्या रेघा किरणांसारख्या बाहेर फुटतात. माणूस आयुष्यभर जसा हसला, जसा चिडला, तशी ती खोल होत जाते. भाऊ सतत भुवया उंचावून बोलणारा. आजोबा तसे नव्हते, आजी म्हणाल्या, ते हसायचे आणि डोळे बारीक करायचे.

मग नातीनं एका लग्नाच्या ग्रुप फोटोत तिसऱ्या ओळीत हसणारे आजोबा शोधून दिले, चेहरा तांदळाच्या दाण्याएवढा. रेघा दिसत नाहीत, पण गाल कुठे उचलला जातो आणि डोळा कसा मिटतो ते दिसतं. त्यावरून पुन्हा पहिल्यापासून केलं. दोन डोळ्यांमधलं अंतर, भुवयांचा आकार, नाकाचा दांडा, तोंडाची रुंदी आजोबांची ठेवली, आणि मोठं-छोटं त्या डोळ्यांच्या अंतरावरून केलं, चेहऱ्याच्या कडेवरून नाही. कान, मान, केस, कातडीचा रंग भावाचा. आठ्या चारच्या दोन केल्या, त्याही उथळ. डोळ्यांच्या कोपऱ्यातले किरण खोल केले. बुबुळाच्या कडेला म्हातारपणी येते ती फिकट कडा दिली, ती नसली तर डोळा पोराचाच राहतो. काल दुपारी ते संपलं आणि संध्याकाळी भाचा आला मोबाइलमधून.

माझा राग एकट्या भाच्यावर नाही. लग्नाचे अल्बम बघा, नवरीच्या आईचा चेहरा इतका घासलेला की नवरीची धाकटी बहीण वाटावी, आणि हातावरच्या शिरा तशाच. चौकाचौकात वाढदिवसाचे फ्लेक्स, सत्तरीचा माणूस तिशीच्या कातडीत. तीस वर्षं गिऱ्हाईक मला सांगतंय, “दादा, सुरकुत्या काढा.” काढायचे पैसे द्यायला कुणी कुरकुरत नाही. आणायला सांगितल्या की लगेच “थोड्याशाच तर आहेत!”

मी त्यांना म्हटलं, साहेब, या भाच्याच्या फाइलवर मी ब्रश लावणार नाही. माझी तयार आहे, ती आधी आजींना दाखवा. “त्यांना आता डोळ्यांनी काय कळतंय?” असं म्हणून ते गेले.

ते “भाऊजी” ओळखणारे डोळे तेच होते. आज सकाळी मी नातीला फोन केला. उद्या ती आजीला रिक्षानं घेऊन येते म्हणाली. प्रिंट काढून ठेवलाय, आठ बाय बाराचा, मॅट कागदावर. उजेड चांगला असतो म्हणून अकरा वाजता या म्हणून सांगितलंय.