उर्वरित रक्कम 30 दिवस आधी भरावी, म्हणजे नक्की किती आणि कधी?

म्हात्रे पुलाजवळच्या एका मंगल कार्यालयात मी बुकिंग आणि हिशेब बघते. बाकी रकमेच्या आठवणीचा आमचा मेसेज वर्षानुवर्षं एकच होता: ‘उर्वरित रक्कम कार्यक्रमाच्या 30 दिवस आधी भरावी, अन्यथा बुकिंग रद्द समजून अनामत जप्त करण्यात येईल.’

एका वधूपित्याने 6 नोव्हेंबरला सकाळी 1,20,000 रुपये भरले आणि फोन केला, “ताई, आता निर्धास्त ना?” लग्न 6 डिसेंबरचं. त्यांचं गणित बिनचूक होतं, पण आमच्या वहीप्रमाणे रक्कमही चुकली होती आणि तारीखही.

भाडं 1,80,000. बुकिंगच्या वेळी 60,000 दिलेले. त्यांनी सरळ वजाबाकी केली. भाड्यावरचा 18 टक्के जीएसटी, म्हणजे 32,400, मेसेजात कुठेच नव्हता. खरी बाकी 1,52,400. तारखेचं तर आणखी गमतीदार. हॉल आदल्या संध्याकाळपासून, सीमांतपूजनाला, त्यांच्या ताब्यात. आम्ही 30 दिवस 5 डिसेंबरपासून मागे मोजत होतो, वधूपिता लग्नाच्या दिवसापासून. आणि ‘अनामत’? आम्ही मोडतोडीसाठी 25,000 वेगळे घेतो, त्यालाही अनामतच म्हणतो. मग जप्त काय होणार, हे त्यांना कसं कळावं?

बुकिंग अर्थातच रद्द केलं नाही. पण त्या दुपारी मी मेसेज नव्याने लिहिला, त्यांना आधीच जसा जायला हवा होता तसा:

‘पावती क्र. 214, हॉल 5 डिसेंबर दुपारी 4 ते 6 डिसेंबर संध्याकाळी 5. जीएसटी धरून एकूण 2,12,400, जमा 60,000, बाकी 1,52,400 रुपये. ही रक्कम 5 नोव्हेंबर, संध्याकाळी 6 पर्यंत आमच्या खात्यात जमा व्हावी. न झाल्यास बुकिंग रद्द होईल. जमा 60,000 पैकी 30,000 परत मिळणार नाहीत, उरलेले 30,000 सात दिवसांत परत करू (पावतीमागची अट 7). मोडतोडीची अनामत 25,000 वेगळी, ती 5 डिसेंबरला हॉल ताब्यात घेताना द्यावी.’

‘जमा व्हावी’ हे मुद्दाम. चेक शेवटच्या दिवशी दिला तर तो वटायला वेळ लागतोच. आणि अटीचा क्रमांक एवढ्यासाठी की सही झालेल्या पावतीत जे नाही ते आठवणीच्या मेसेजात नव्याने घुसवता येत नाही. तसंही, पावतीत ‘सगळे जप्त’ छापलं म्हणून सगळे ठेवता येतातच असं नाही. करार कायद्याच्या कलम 74 नुसार वाजवी भरपाईच मागता येते. ती तारीख दुसऱ्याला त्याच भाड्याने गेली, तर आमचं नुकसान ते कितीसं?

मालक म्हणाले, “लग्नघराला असं रोखठोक लिहितात का? निदान सुरुवात तरी शुभेच्छांनी कर.” शुभेच्छा घातल्या, पण शेवटी. मोबाइलवर मेसेज न उघडता पहिली ओळच दिसते, आणि तिथे मला पावती क्रमांक हवा होता.