‘शब्दांपेक्षा श्वासच जास्त ऐकू येतो’: एका दोन-तारी रिव्ह्यूला आमच्या स्टुडिओचं उत्तर

रिव्ह्यू, ५ पैकी २ तारे: कोकणातल्या सड्यांवरच्या फुलांवर ९ मिनिटांचा व्हिडिओ केला, त्याचं निवेदन इथे रेकॉर्ड केलं. स्टुडिओत छान वाटलं. घरी इअरफोन लावले तर प्रत्येक वाक्याआधी धाप लागल्यासारखा श्वास आणि मध्ये मध्ये तोंडातला चटचट आवाज. मग एवढा महागडा माइक कशाला? श्वास काढून द्या म्हटलं तर ‘सगळे काढू नयेत’ असं ऐकवलं. शेवटी एका मित्राने काढून दिले, तर आवाज यंत्रासारखा झाला आणि वाक्यांचे शेवटच गायब. पैसे आणि वेळ दोन्ही वाया.

स्टुडिओचं उत्तर:

नमस्कार. रिव्ह्यू वाचला त्याच रात्री तुमची मूळ फाइल काढून हेडफोनवर ऐकली. पहिल्या मिनिटात १४ वेळा चटचट आहे आणि शेवटच्या मिनिटात ३७ वेळा. तक्रार खरी आहे, आणि चूक बरीचशी आमच्याकडची आहे.

या दोन आकड्यांमध्येच पहिलं कारण दडलंय. माइक तोच, खोली तीच, माणूस तोच, तरी शेवटी चटचट अडीच पटींहून जास्त झाली. म्हणजे मधल्या दीड तासात तोंड कोरडं पडत गेलं. लाळ पातळ असेपर्यंत जीभ टाळूवरून अलगद सुटते. लाळ घट्ट झाली की जीभ आणि ओठ चिकटतात, सुटताना बारीक तार तुटते किंवा बुडबुडा फुटतो, आणि तोच हा ‘चट’. तुम्ही दुपारी जेवून आलात, आल्या आल्या आम्ही दुधाचा चहा हातात दिला, एसी चालू ठेवला आणि सलग वाचायला बसवलं. चहा आमच्याकडच्या पाहुणचाराचा भाग आहे, पण रेकॉर्डिंगच्या आधी तो द्यायला नको होता. पाणीही मी दिलं ते तुम्ही घसा साफ करायला लागल्यावर. घोट घेतल्याने तेवढ्यापुरतं बरं वाटतं, पण शरीरात पाणी आधीपासून असावं लागतं. सकाळपासून थोडं थोडं प्यायलेलं पाणी दुपारी कामाला येतं.

हिरव्या सफरचंदाची फोड चावण्याचा उपाय बरेच व्हॉइस आर्टिस्ट करतात, आणि तो चालतो. आंबटपणामुळे पातळ लाळ सुटते. परिणाम थोडाच वेळ टिकतो, म्हणून दर पानाला एक फोड लागते. मी एकदा शहाणपणा करून सफरचंदाऐवजी कोकम सरबत दिलं होतं. त्यातल्या साखरेने तोंड आणखी चिकट झालं, तो प्रयोग तिथेच संपला.

आता माइकबद्दल. महागडा कंडेन्सर माइक हे आवाज कमी करत नाही, उलट जास्त बारकाईने पकडतो. तो तुमच्या ओठांपासून चार-पाच इंचांवर अगदी नाकासमोर होता, कारण मला आवाजात भारदस्तपणा हवा होता. तो किमान वीतभर लांब आणि तोंडाच्या रेषेतून थोडा बाजूला वळवलेला हवा होता, म्हणजे श्वासाचा झोत त्याच्या शेजारून गेला असता. समोर लावलेली जाळी ‘प’, ‘फ’, ‘भ’ यांचा धक्का अडवते. चटचट आणि श्वासाची ‘हस्स’ तिच्यातून आरपार जाते. आणखी एक कबुली द्यायची राहिली: त्या दिवशी मी तुम्हाला फाइल स्पीकरवर, बेताच्या आवाजात ऐकवली. हेडफोन कानाला लावले असते तर पाचव्या मिनिटालाच थांबलो असतो.

पण मूळ फाइल ऐकताना एक गोष्ट लक्षात आली. तिच्यात श्वास आहेत, धाप नाही. फाइलमध्ये मावणारा सर्वांत मोठा आवाज म्हणजे शून्य डेसिबल, बाकी सगळं त्याखाली उण्यात मोजतात. तुमचे श्वास साधारण उणे ३८ डेसिबलवर आहेत, म्हणजे शब्दांच्या बरेच खाली. आम्ही तुम्हाला दिलेल्या फाइलवर कॉम्प्रेसर लावलेला होता. कॉम्प्रेसर मोठे आवाज दाबतो आणि मग सगळंच वर उचलतो. त्याने मोठे शब्द ८ डेसिबल दाबले, मी ८ डेसिबल परत उचलले. शब्द होते तिथेच राहिले, श्वास मात्र दाबले गेलेच नव्हते, ते नुसते उचलले गेले आणि उणे ३० वर आले. नंतर एडिटमध्ये संगीताच्या वर आवाज यावा म्हणून निवेदन आणखी ४ डेसिबल वाढवून लिमिटर, म्हणजे ठरावीक पातळीच्या वर आवाज जाऊ न देणारं साधन, लावलेला दिसतो. तिथेही तेच झालं. उणे ३८ चे उणे २६ झाले. १२ डेसिबल म्हणजे ध्वनिलहरीची उंची चौपट. चटचटही त्यांच्यासोबत तेवढीच वर आली. एडिटची पायरी तुमच्याकडची असली तरी कॉम्प्रेसर लावण्याआधी सफाई करणं माझं काम होतं, आणि मी ते केलं नव्हतं.

तुमच्या मित्राकडे नेमकं काय बिघडलं तेही यावरूनच कळतं. तुम्ही पाठवलेली फाइल ऐकली. त्यांनी नॉइज गेट लावलाय. गेट म्हणजे दार: ठरावीक पातळीखालचा आवाज आला की बंद. ते फक्त आवाजाची उंची बघतं, हा श्वास आणि हा शब्द एवढी समज त्याला नसते. मराठी वाक्याच्या शेवटी ‘आहे’, ‘असतो’, ‘होतं’ येतं आणि तिथे बोलणाऱ्याचा आवाज आपोआप उतरतो. तुमचं वाक्य घ्या: ‘सप्टेंबर उजाडला की हा सडा सीतेच्या आसवांनी निळाजांभळा झालेला असतो.’ यातला शेवटचा ‘तो’ उणे २९ च्या आसपास आहे आणि पुढचा श्वास उणे २६ वर. श्वासासाठी दार बंद करायचं तर ‘तो’ही बाहेरच राहणार. तुमच्या फाइलमध्ये ‘झालेला अस’ एवढंच उरलंय.

यंत्रासारखा आवाज होण्याचं कारण वेगळं. चटचट काढणारा प्लगइन फार जोरात लावला की तो ‘ट’, ‘क’, ‘त’ यांची सुरुवातही चट समजून खातो. आणि श्वास ओळखणारी साधनं ‘स’, ‘श’, ‘ह’ पाशी गोंधळतात, कारण ही अक्षरंही नुसत्या हवेचीच आहेत. ‘सडा’ आणि ‘सीतेच्या’ दोन्ही बोथट झालेत ते त्यामुळे. हे ओळखायची एक सोय असते: बऱ्याच अशा प्लगइनमध्ये काढून टाकलेला आवाज तेवढाच ऐकता येतो. त्यात नुसती टिकटिक ऐकू आली तर ठीक. शब्द ओळखू यायला लागले की मात्रा जास्त झाली.

मी काल तेच वाक्य कॉम्प्रेसर नसलेल्या मूळ फाइलवरून पुन्हा साफ केलं. आधी स्पेक्ट्रोग्राम, म्हणजे आवाजाचं चित्र, उघडला. त्यात शब्द ढगांसारखे दिसतात आणि चट म्हणजे केसासारखी उभी बारीक रेघ, काही मिलिसेकंदांची. या एका वाक्यात अशा ५ रेघा होत्या. तीन शब्दांच्या मधल्या शांततेत होत्या. त्या प्लगइनने अगदी हलक्या मात्रेत काढल्या, सबंध फाइलला न लावता निवडलेल्या तुकड्यालाच. चौथी ‘आसवांनी’मधल्या ‘आ’च्या सुरुवातीला होती, ती हाताने दुरुस्त केली. घरी ऑडॅसिटी या सॉफ्टवेअरवर करणाऱ्यांसाठी सांगतो, तिथल्या `Repair` ला एका वेळी १२८ सॅम्पलच चालतात. ४८ किलोहर्ट्झच्या, म्हणजे सेकंदाला ४८,००० सॅम्पल असलेल्या फाइलमध्ये ते ३ मिलिसेकंदही भरत नाहीत, म्हणून रेघेपर्यंत खूप झूम करूनच निवड करावी लागते. पाचवी ‘झालेला’मधल्या ‘ला’च्या पोटातच आहे. ती काढली की स्वर खरवडल्यासारखा होतो, म्हणून तशीच ठेवली.

मग श्वास. वाक्याआधीचा श्वास साधारण अर्ध्या सेकंदाचा होता. तो कापला नाही, फक्त ९ डेसिबल खाली आणला आणि दोन्ही कडांना १५ मिलिसेकंदांचा उतार दिला. ‘सगळे काढू नयेत’ असं मी फोनवर घाईत म्हणालो आणि कारण सांगितलं नाही, ते असं: श्वास पूर्ण पुसला की त्या जागेतून खोलीची बारीक गुणगुणही नाहीशी होते. ऐकणाऱ्याला दर वाक्यापाशी आवाज बंद-चालू झाल्यासारखा वाटतो, आणि निवेदक न थांबता वाचत सुटलाय असं वाटून ऐकणाऱ्यालाच दम लागतो. वाक्याच्या अधेमध्ये घाईने ओढलेले श्वास मात्र मी जास्त दाबतो, १२ ते १५ डेसिबल. एखादा श्वास पूर्ण काढावाच लागला तर त्या जागी रिकाम्या खोलीचा आवाज भरतो. त्यासाठी प्रत्येक सेशनच्या सुरुवातीला ३० सेकंद कोणीही न बोलता रेकॉर्ड करून ठेवतो. तुमचीही ती ३० सेकंदं आहेत. जागा भरताना तिची लांबी बदलायची नाही, नाहीतर चित्राशी ठरवलेली वेळ सरकते.

एवढं झाल्यावर कॉम्प्रेसर लावला, तोही पूर्वीच्या निम्माच. आता श्वास उणे ४३ च्या आसपास आहेत: आहेत असं जाणवतं, पण लक्ष जात नाही. असं ९ मिनिटांचं काम हाताने करायला मला चार-साडेचार तास लागतील. ते मी याच आठवड्यात विनामूल्य करून देतो.

शेवटच्या दोन मिनिटांचं मात्र सफाईने भागणार नाही. तिथे चटचट स्वरांवरच चढलीय, आणि सगळं काढायला गेलो तर पुन्हा तुमच्या मित्राच्या फाइलसारखंच होईल. तेवढं नव्याने वाचावं लागेल. सोयीच्या दिवशी सकाळी १० ला या, कारण जुन्या भागाशी जुळायला ताजा आवाज लागेल. सुरुवातीची दोन मिनिटं आधी कानाशी ऐकून मग वाचलं की सूर आणि वेग जुळतो. माइक वीतभर लांब ठेवला की आवाजाचा पोत थोडा बदलेल. तो पहिल्या भागाशी जुळवणं माझ्याकडे लागलं. या रेकॉर्डिंगचे पैसे नाहीत, आणि आधीच्या बिलातली निम्मी रक्कम परत करतोय.

येताना एडिटची फाइल आणा, संगीत आणि निवेदन वेगवेगळ्या ट्रॅकवर असलेली. निवेदनावर एडिटमध्ये लावलेला लिमिटर बंद करून नवा आवाज तिथेच बसवू, आणि या वेळी तुम्ही तुमच्याच इअरफोनवर सगळी ९ मिनिटं ऐकूनच निघा.