पुढचं तू ठरव

‘कशी आहेस गं? भेटायचं का?’ हे वाक्य माझ्या फोनला तोंडपाठ झालंय. मी नुसता ‘क’ टाइप केला की पुढचं सगळं तो आपणहून सुचवतो, प्रश्नचिन्हासकट. त्यानं ते पुन्हा एकदा सुचवलं तेव्हा डोक्यात किडा वळवळला: सुजाताचा फोनही असं काही सुचवत असेल का? की तिच्याकडे ‘क’ टाइप केल्यावर ‘कांदे’ येतं?

सुजाता माझी कॉलेजपासूनची मैत्रीण. मी पाचपाखाडीत, ती सीवूड्सला. ठाण्याहून पनवेल लोकल पकडली की पाऊण तासही लागत नाही, म्हणजे घोडबंदरला राहणाऱ्या नणंदेपेक्षा ती मला जवळ. भेटलो की दोघींची तोंडं दुखेपर्यंत गप्पा. फक्त भेट नेहमी मीच ठरवते. वार मी, वेळ मी, राम मारुती रोडवरचं हॉटेल मी. तिचं काम म्हणजे ‘हो’ म्हणणं आणि वेळेवर येणं. ते मात्र ती चोख करते.

आता किडा वळवळला म्हणजे पुरावा हवा. मी व्हॉट्सॲप उघडलं आणि वर वर सरकवत गेले. हिशेब सोपा. मधे दोन-चार दिवस गेले असले की पुढच्या तारखेखाली पहिला मेसेज कोणाचा, उजवीकडचा हिरवा की डावीकडचा पांढरा, एवढंच बघायचं. हिरवा. हिरवा. हिरवा. मधेच एक पांढरा दिसला आणि ऊर भरून आला, तर ते सुप्रभात होतं, गुलाबाच्या फुलासकट. ते मी बाद केलं. वाढदिवसाच्या शुभेच्छाही बाद, कारण त्या फोन आठवण करून देतो तेव्हा येतात. ‘आमच्याकडे गौरी-गणपतीच्या दर्शनाला सहकुटुंब यावे’ हेही बाद, कारण ते त्याच मिनिटाला सोसायटीच्या सेक्रेटरीलाही गेलेलं असतं. ‘तुझ्या त्या ब्लाउजवाल्याचा नंबर दे’ यावर मात्र मी बराच वेळ अडले. आठवण तर माझीच आली होती, पण कारण ब्लाउज होतं. शेवटी अर्धा गुण दिला.

नवऱ्यानं वर्तमानपत्रामागून विचारलं, “काय शोधतेयस?” मी सांगितलं. तो म्हणाला, “आणि फोन? फोन ती करते की.” करते खरी, पण कधी करते ते मला आठवेना. आपण केलेलं माणसाला लख्ख आठवतं आणि दुसऱ्यानं केलेलं धूसर, ही अडचण जुनीच आहे. रॉस आणि सिकोली या दोन मानसशास्त्रज्ञांनी 1979 मध्ये नवरा-बायकोंना वेगवेगळं विचारलं होतं, की घरातल्या अमुक कामात तुमचा वाटा किती. दोघांचे आकडे जोडले तर बहुतेक कामांत बेरीज शंभर टक्क्यांच्या वर गेली. खोटं कोणी बोलत नव्हतं. ज्याला त्याला आपापलं केलेलं आधी आठवत होतं. मी हे नवऱ्याला सांगितलं. “म्हणजे भांडी मी जास्त घासतो,” तो म्हणाला. संशोधनाचा हा असा उपयोग होतो, म्हणून ते घरात आणू नये. पण त्यातला धडा मी घेतला: आठवणीवर जायचं नाही, लेखी बघायचं. आणि कॉल लॉग धरूनही पारडं हिरव्याच बाजूला झुकलं.

मग सुरू झाली परीक्षा. या परीक्षेचा पहिला पेपर सगळेच एकसारखा काढतात: गप्प बसायचं. ‘बघू या, तिला आठवण येते का.’ दिवाळीनंतर मी गप्प बसले. गप्प बसणं म्हणजे आरामाची गोष्ट असा माझा समज होता. छे! चोवीस तास काम. ती ऑनलाइन आहे का बघायचं, मग तिला आपण ऑनलाइन दिसू नये म्हणून चटकन बाहेर पडायचं. स्टेटसला तलावपाळीवरच्या संध्याकाळचा एकटीचा फोटो टाकायचा आणि तिनं तो पाहिला का ते दर अर्ध्या तासानं तपासायचं. तिनं पाहिला. सर्वांत आधी पाहिला. आणि काही बोलली नाही! माझ्या चेहऱ्याकडे बघून सासूबाईंनी मला गुळण्या करायला मीठ-पाणी दिलं.

“तिला माहितीये का, परीक्षा चालू आहे ते?” नवऱ्यानं विचारलं.

प्रश्न रास्त होता. ज्याला वेळापत्रकच मिळालेलं नाही, तो नापास झाला यात नवल काय? शिवाय गप्प राहण्यातून कळतं ते इतकंच, की समोरच्याला रिकामी जागा दिसते की नाही. आणि सुजाताला ती दिसायलाही वेळ लागणार होता. का, ते मला कॅलेंडरवर बोट ठेवून मोजलं तेव्हा उमगलं. समजा मला तीन आठवडे झाले की भेटावंसं वाटायला लागतं आणि तिला आठ आठवड्यांनी. दोघींनाही वाटतं, मनापासून वाटतं. पण तिसऱ्या आठवड्यात मी मेसेज टाकते, आम्ही भेटतो, आणि तिचं घड्याळ पुन्हा शून्यावर. तिचा आठवा आठवडा कधी उजाडतच नाही. या हिशेबानं वीस वर्षं काढली तरी चॅटमध्ये सगळं हिरवंच दिसेल आणि तरी तिची माया तसूभर कमी नसेल. ज्याची ओढ लवकर भरते, तो कायमचा आमंत्रक. लग्नाच्या पत्रिकेत छापायची सोय नाही म्हणून, नाहीतर मी पदनाम लावलं असतं.

म्हणजे खरी चाचणी घ्यायची तर तिचा आठवा आठवडा उलटेपर्यंत थांबायला हवं, पण तोंडाला कुलूप लावून नव्हे. तिनं काही पाठवलं तर नेहमीसारखं उत्तर द्यायचं, आणि तिला एकदा स्पष्ट सांगून ठेवायचं की आता खेळी तुझी. एकदाच. दुसऱ्यांदा सांगितलं की ती आठवण होते आणि तिसऱ्यांदा टोमणा.

ही चाचणी कोणावर लावायची नाही, तेही मी ठरवून टाकलं. माझी दुसरी एक मैत्रीण आहे, तिचा मुलगा यंदा दहावीला. फेब्रुवारी-मार्चमध्ये बोर्डाची परीक्षा असणाऱ्या घराची आपण जानेवारीत आणखी एक परीक्षा घ्यायची म्हणजे पाप. घरात आजारी माणूस, तान्हं मूल, रात्रपाळी, या सगळ्यांना सरसकट सूट. तिथून शांतता आली तर तिचा अर्थ दमणूक इतकाच.

सुजाताला असलं काही नव्हतं. मी लिहिलं, ‘बरेच दिवस झाले. या वेळी तू ठरव ना, कधी आणि कुठे. मी येते.’ पाठवायच्या आधी ते नवऱ्याला वाचायला दिलं. त्यात रुसवा डोकावतोय का, एवढंच विचारलं. तो म्हणाला, “तीन टिंबं काढ.” मी शेवटी तीन टिंबं दिली होती. काढली.

उत्तर आलं: ‘होओओ! नक्की! कळवते 😘’

यावर आनंदानं उडी मारणारी माणसं नवी असतात. ‘कळवते’ हे महाराष्ट्रात निरोप घेण्याच्या अनेक पद्धतींपैकी एक आहे, त्यावरून काही ठरत नाही. ठरतं ते नकारावरून. माणूस ‘नाही’ कसं म्हणतो ते बघावं. ‘अगं, या शनिवारी नाही जमणार’ आणि पुढे पूर्णविराम, ही एक तऱ्हा. ‘या शनिवारी नाही जमणार, पण पुढच्या रविवारी मी मोकळी आहे’ ही दुसरी. दुसरीतला माणूस स्वतः कधी पहिला मेसेज टाकणार नाही कदाचित, पण दार बंद करताना फटीत चप्पल अडकवून ठेवतो. मी जुन्या चॅटमध्ये सुजाताचे नकार शोधले. प्रत्येकात चप्पल होती. एकात तर तीन पर्यायी तारखा होत्या, त्यातली एक संकष्टी, ‘पण तुला उपास असेल ना’ अशी टीपही. हे आधी हिरवे-पांढरे मोजताना माझ्या नजरेतून निसटलं होतं, कारण तेव्हा मी फक्त पहिली ओळ बघत होते.

तरी थांबले. पौष आला, संक्रांत झाली. सासूबाईंनी माझ्यादेखत शेजारच्या काकूंचा डबा परत करताना त्यात तिळाच्या वड्या घातल्या. डबा रिकामा परत करायचा नसतो हा नियम त्यांच्या पिढीनं हिशेब न ठेवता पाळला. तो महिन्याभरानं परत गेला काय आणि उद्या गेला काय, कुणी तारीख बघितली नाही. मी मात्र कॅलेंडर बघत होते.

आणि एका गुरुवारी फोन वाजला. मेसेज नाही, फोन!

“रविवारी सकाळी साडेसहाला सीवूड्स स्टेशनला उतर,” सुजाता म्हणाली. “फ्लेमिंगो आलेत.”

“साडेसहा? सकाळी?”

“अगं, भरतीची वेळ बघितलीये मी. ओहोटीला ते खाडीच्या चिखलात लांब पसरतात, ठिपकेच दिसतात नुसते. भरतीनं चिखल बुडाला की आमच्या इथल्या तळ्यांवर येऊन बसतात. मागच्या रविवारी भरती भलत्याच वेळी होती, म्हणून तुला कळवलं नाही.”

म्हणजे बाई भरती-ओहोटीचं कोष्टक घेऊन बसली होती, आणि मी इकडे स्टेटस कोणी पाहिलं ते मोजत होते.

मी गेले. थंडीत, काळोखात, रविवारी ठाणे स्टेशनवर. फ्लेमिंगो होते, पुष्कळ होते, गुलाबी होते. डासही होते आणि त्यांना भरती-ओहोटीचं काही नव्हतं. सुजातानं थर्मासमध्ये आल्याचा चहा आणि डब्यात धिरडी आणली होती. धिरडं खाता खाता मी सहज विचारल्यासारखं विचारलं, “तू आधी कधी ठरवलं नाहीस गं?”

“तू मधे श्वास घेतेस का?” ती म्हणाली. “मी विचार करेपर्यंत तुझा मेसेज आलेला असतो. आणि तुला हॉटेलात बसायला आवडतं. मला कुठे आवडतं?”

हे मला मान्य नाही. राम मारुती रोडवरच्या त्या हॉटेलात थालीपीठ कोण मागवतं, हे वेटरसुद्धा सांगेल. पण समोर पक्षी होते आणि तोंडात धिरडं, म्हणून मी वाद घातला नाही.

तेव्हापासून तिला हुरूप आलाय. दर थोड्या दिवसांनी डावीकडे पांढरा मेसेज दिसतो आणि माझ्या पोटात गोळा येतो. खारघरची टेकडी, पहाटे साडेपाच. येऊरचं जंगल, ‘तुमच्याच ठाण्यात आहे, काय कारण सांगशील?’ पाम बीच रोडला सायकली, भाड्यानं. परवाच्या मेसेजला मी उत्तर लिहायला घेतलं. ‘क’ टाइप करताच फोननं ‘कळवते’ सुचवलं. ते पुसलं आणि लिहिलं, ‘पहाटे नाही गं जमणार. पण संध्याकाळी पाचला तलावपाळीवर? वडापाव माझ्याकडून.’