लॅबच्या ग्रुप मीटिंगच्या कच्च्या नोट्समधून मिनिट्स कशी लिहायची या माझ्या लेखावर आलेल्या एका प्रतिक्रियेला उत्तर (जरा लांबलंय)

प्रतिक्रिया: "लेख वाचला. खरं सांगायचं तर ही कारकुनी आहे, रिसर्च नाही. तुमच्याच उदाहरणात कच्च्या नोट्समध्ये २५ मार्च ही तारीख कुठेच नाही आणि मिनिट्समध्ये मात्र आली, म्हणजे लिहिणाऱ्याने मनानेच घातली. याला नोंद म्हणत नाहीत, बनवेगिरी म्हणतात. शिवाय मीटिंगमध्ये निम्मी पोरं तोंडच उघडत नाहीत, त्यांची नावं कामापुढे टाकून मोकळं व्हायचं का? आणि चर्चेतलं सायन्स कुठे गेलं? त्यापेक्षा सरळ रेकॉर्डिंग ठेवा." – एक वाचक

उत्तर:

नमस्कार. नाव लिहिलं असतंत तर बरं झालं असतं, पण असो.

"कारकुनी" म्हणालात ते सोडून देतो, ते घरचेही म्हणतात. पण "बनवेगिरी" हा शब्द तुम्ही फार सहज टाकलाय. लॅबच्या जगात तो कशासाठी वापरतात ते तुम्हालाही माहीत असणार. डेटा बनवणाऱ्याला बनवेगिरी करणारा म्हणतात, तारखेचा हिशोब मांडणाऱ्याला नाही. मतभेद असू द्या, पण शब्द तोलून वापरा एवढीच विनंती.

आता ती २५ मार्च. मूळ लेखात मी नोट्स थोडक्यात दिल्या होत्या, इथे जशाच्या तशा देतो. सोमवार, १० मार्च २०२५ च्या मीटिंगच्या आहेत, माझ्याच वहीतल्या:

"जीएपीडीएच हायपॉक्सियात हलतोय, सीटी दीडने खाली. दुसरा रेफरन्स लागेल. टीबीपी, बी-टू-एम मागवून घेऊ. एटीन-एस? बघू. एफिशियन्सी आधी. रिव्हिजन १० एप्रिल!! परवा सॅम्पल."

ज्यांना हे काम माहीत नाही त्यांच्यासाठी दोन-तीन वाक्यं. क्यूपीसीआरमध्ये, म्हणजे जीन किती चालू आहे ते मोजायच्या चाचणीत, एखादा जीन किती वाढला हे सांगायला एक न हलणारा जीन शेजारी ठेवावा लागतो, तो रेफरन्स. जीएपीडीएच सगळे सवयीने वापरतात, पण पेशींना ऑक्सिजन कमी पडला, म्हणजे हायपॉक्सिया झाला, की तो स्वतःच वाढतो आणि सीटी, म्हणजे सिग्नल दिसेपर्यंतच्या फेऱ्यांचा आकडा, खाली येतो, त्यामुळे मोजपट्टीच ताणली जाते, आणि आमच्या पेपरच्या रिव्ह्यूअरने नेमकं तिथेच बोट ठेवलं होतं. टीबीपी, बी-टू-एम आणि एटीन-एस हे रेफरन्सच्या जागेचे दुसरे उमेदवार.

आता या नोट्समधला "मागवून घेऊ" बघा. कोण मागवणार? आपल्या भाषेत "घेऊ", "करून टाकू", "बघायला पाहिजे" म्हटलं की सगळे मान डोलावतात आणि काम कोणाच्याच अंगाला लागत नाही. मी जेआरएफ, म्हणजे ज्युनियर रिसर्च फेलो, असताना एका लॅबमध्ये (नाव नको) वहीत असंच लिहिलेलं होतं, "अँटीबॉडी मागवून घेऊ". मला वाटलं सीनियर मागवणार, सीनियरला वाटलं मी. मार्च संपला, त्या हेडचे पैसे परत गेले, नवीन ग्रँटचा हप्ता यायला जून उजाडला आणि माझं काम तोपर्यंत बसून राहिलं. ती वही अजून माझ्याकडे आहे. त्यात एकही शब्द खोटा नाही हो, तुमच्या व्याख्येप्रमाणे अगदी शुद्ध नोंद.

म्हणून मिनिट्स करायला बसलो की प्रत्येक ओळीला मी आधी एकच प्रश्न विचारतो, की यामुळे उद्या कोणी काही वेगळं करणार आहे का. "जीएपीडीएच हलतोय" हे निरीक्षण झालं. "दुसरा रेफरन्स लागेल" हा निर्णय, कारण आमच्या ग्रुपप्रमुख मॅडमनी तो बोलून दाखवला आणि कोणी हरकत घेतली नाही. "मागवून घेऊ" हे काम, पण बिनमालकाचं. आणि "बघू" म्हणजे काय ते मराठी माणसाला सांगायला नको, तो निर्णय नसतो, बहुतेक वेळा नकारही नसतो, तो खुला प्रश्न म्हणूनच लिहायचा. "परवा सॅम्पल" वर तर मी दहा मिनिटं घालवली, कारण परवा दिलं की परवा द्यायचंय हे क्रियापदाशिवाय कळतच नाही. शेवटी थर्ड इयरवालीला फोन केला, तर दिलेलं होतं, शनिवारी. फोन केला नसता तर बुधवारचं एक काम फुकट तयार झालं असतं.

आता तारीख. १० एप्रिल ही जर्नलने दिलेली मुदत, ती ईमेलमध्ये आहे, ती मी बनवलेली नाही. मॅडमना मॅन्युस्क्रिप्ट शेवटचं वाचायला तीन दिवस लागतात, म्हणजे ७ तारखेला त्यांच्या हातात पाहिजे. फिगर ३ परत काढून त्याभोवतीचा मजकूर बदलायला आठवडा धरा, म्हणजे ३१ मार्चला आकडे हातात हवेत. ३० ला पाडवा, तो रविवार, त्या वीकेंडला कोणाला मशीनवर बसवायचं नाही असं धरलं तर तीन बायोलॉजिकल रेप्लिकेट्सचे रन २६, २७, २८ ला होतात, दिवसाला एक. आणि रनच्या आधी नव्या प्रायमरची, म्हणजे जीन पकडणाऱ्या डीएनएच्या छोट्या तुकड्यांची, स्टँडर्ड कर्व्ह पाहिजे, ती दर फेरीला डीएनए नीट दुप्पट होतो का ते दाखवते, आणि ही एफिशियन्सी ९० ते ११० टक्क्यांत आली तरच पुढे जायचं. म्हणून २५. उलटं मोजत गेलं की तारीख आपोआप समोर येते, ती सुचावी लागत नाही.

तसंच प्रायमरचं. आमच्याकडे ऑर्डर गेल्यापासून आठवडाभर लागतो. १४ ला शुक्रवारी धुळवड, स्टोअर बंद, पुढे शनिवार-रविवार, म्हणजे इंडेंट, खरेदीचा मागणीअर्ज, १३ ला गेला नाही तर तो १७ ला जाणार आणि माल २४ च्या आत येण्याचं काही खरं नाही. शिवाय बिल मार्चअखेरच्या आत अकाउंट्सला पोचलं पाहिजे ते वेगळंच. म्हणून मिनिट्समध्ये असं गेलं:

निर्णय: हायपॉक्सियाच्या सेटमध्ये जीएपीडीएच एकटा रेफरन्स म्हणून वापरायचा नाही. कारण: सीटी दीडने खाली.

काम १: टीबीपी आणि बी-टू-एम प्रायमरचा इंडेंट. प्रोजेक्ट असिस्टंट. गुरुवार १३ मार्च.

काम २: दोन्ही प्रायमरची स्टँडर्ड कर्व्ह, एफिशियन्सी ९०–११० टक्के आली की झालं. थर्ड इयर पीएचडी. मंगळवार २५ मार्च.

खुला प्रश्न: एटीन-एस वापरावा का? आपलं सीडीएनए ओलिगो-डीटीने केलेलं आहे.

(नावांच्या जागी मी इथे पदं लिहिलीयत, खऱ्या मिनिट्समध्ये नाव असतं, आणि एकच. काम दोघांनी केलं तरी विचारायचं कोणाला ते एकच. "अमुक आणि तमुक" लिहिलंत की परत तो जेआरएफच्या वहीतला प्रकार.)

एक मात्र मान्य करतो, म्हणजे तुम्ही ज्या सुरात लिहिलंय त्या सुरात नाही, पण मान्य करतो. खऱ्या मिनिट्समध्ये या दोन्ही तारखांपुढे "प्रस्तावित" असा शब्द होता. मिनिट्स मीटिंगच्याच संध्याकाळी सगळ्यांना गेली, वर एक ओळ होती की बुधवार दुपारपर्यंत कोणाची हरकत आली नाही तर हे पक्कं. असिस्टंटचं उत्तर आलं की १३ चालेल. थर्ड इयरवालीने २५ ला हो म्हटलं, पण मशीनचं बुकिंग मला करून द्या म्हणाली, ते दिलं. त्यानंतर तो शब्द निघाला. ब्लॉगवर मी शेवटची आवृत्ती टाकली आणि मधली पायरी गाळली, जागा वाचवायला. तेवढी चूक माझी. वाचणाऱ्याला वाटू शकतं की तारीख आकाशातून पडली. पण मग "ही तारीख कशी आली?" एवढं विचारता आलं असतं ना, एका ओळीचा प्रश्न होता.

आणि हो, हरकतीची वेळ देणं ही काही शोभेची गोष्ट नाही. दोन वर्षांपूर्वी मी रजेवर असलेल्या एकाचं नाव कामापुढे लिहून मोकळा झालो होतो, मीटिंगमध्ये सगळे म्हणाले त्याचंच काम आहे म्हणून. तो आठ दिवसांनी आला तेव्हा मुदत उलटून गेलेली, आणि तो मला जे बोलला ते इथे लिहिण्यासारखं नाही. तेव्हापासून जो हजर नाही त्याच्या नावापुढे "विचारायचं आहे" एवढंच जातं, आणि त्याला विचारण्याचं काम दुसऱ्या कोणाच्या तरी नावावर. मागची अकरा वर्षं मी हे करतोय, वेगवेगळ्या तीन ग्रुपमध्ये, त्यामुळे पहिल्याच लेखावरून कोणी मला नोंद म्हणजे काय ते शिकवायला लागलं की थोडा त्रास होतो, माणूस आहे.

बाकीच्या मुद्द्यांवर फार वेळ घालवत नाही. न बोलणाऱ्या पोरांचं म्हणाल तर तो ओलिगो-डीटीचा मुद्दा कोपऱ्यात बसलेल्या एमएस्सीच्या मुलीने काढला होता, उठता उठता, अर्ध्या वाक्यात. एटीन-एस हा रायबोसोमचा आरएनए, त्याला पॉली-ए शेपूट नसते, आणि ओलिगो-डीटी त्या शेपटीलाच चिकटतो, म्हणजे त्याने केलेल्या सीडीएनएमध्ये, आरएनएच्या डीएनए-नकलेत, तो नीट उतरतच नाही. कोणी "बरोबर" म्हटलं नाही आणि कोणी खोडलंही नाही, म्हणून तो निर्णयात न जाता खुल्या प्रश्नात गेला, कारणासकट. सायन्स कुठे गेलं विचारत होतात, तिथे गेलं. बाकी चर्चा वहीत असते, वही कोणी फेकत नाही.

रेकॉर्डिंग जरूर ठेवा. दीड तासाचं रेकॉर्डिंग नंतर परत ऐकणारा माणूस मला अजून भेटलेला नाही, तुम्ही ऐकत असाल तर कौतुक आहे. आणि त्यातही "मागवून घेऊ" हे "मागवून घेऊ" असंच ऐकू येणार.

मूळ लेखातल्या टेबलमध्ये "प्रस्तावित" हा शब्द आत्ताच घातलाय आणि खाली हरकतीच्या मुदतीची ओळही. "बनवेगिरी" वाली तुमची कमेंट काढलेली नाही, राहू दे. पुढच्या वेळी नावाने लिहा.